‘पिशवीचा कॅन्सर’, ‘पोटात पाणी’ आणि तीन पिढ्यांचा तक्ता

मार्च २०२४ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. वय ४३, बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा प्रकार. ठाण्यातल्या ऑन्कोलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत विचारलं, “घरात आणखी कोणाला होता?” आई लगेच म्हणाली, “माझ्या माहेरी कोणाला नाही. यांच्याकडे थोरल्या जाऊबाईंना झाला होता, साठीत.” डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि जेनेटिक कौन्सेलिंगची चिठ्ठी दिली. एवढ्या कमी वयात हा प्रकार असेल तर जनुकीय तपासणी करतातच, असंही सांगितलं.

कौन्सेलरची तारीख मिळाली १४ जूनची. फी दोन हजार. सोबत ईमेलने दोन पानी फॉर्म आला: तीन पिढ्यांमधल्या रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाचं जन्मसाल, हयात असल्यास आजचं वय, नसल्यास मृत्यूचं वय आणि कारण, कॅन्सर झाला असल्यास कोणत्या अवयवाचा आणि निदान कितव्या वर्षी. ताईची केमो सुरू होती, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. तुमच्याही हातात असा कोरा फॉर्म असेल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल.

फॉर्ममध्ये समजलं नाही ते विचारायला मी सेंटरला फोन केला. कौन्सेलर मॅडमनी दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या आणि पुढचा महिना मी त्यांवरच चालले. पहिली, फक्त आजारी माणसं लिहू नका, धडधाकट माणसंही लिहा. सत्तरीपर्यंत ठणठणीत राहिलेल्या तीन आत्या आणि चाळिशीच्या आत अपघातात गेलेल्या तीन आत्या, दोन्ही घरांत कॅन्सर शून्यच दिसतो, पण त्या शून्याचा अर्थ वेगळा असतो. दुसरी, मृत्यूच्या वयापेक्षा निदानाचं वय महत्त्वाचं. तिसरी, घरात जे शब्द वापरतात ते जसेच्या तसे लिहा, स्वतः त्यांचं मेडिकल भाषांतर करू नका.

मग मी एक्सेलमध्ये आठ रकाने केले: ताईशी नातं, बाजू (वडिलांची की आईची), जन्मसाल, हयात की मृत आणि वय, घरात म्हणतात तो आजार, निदानाचं वय, कागद काय आहे, आणि हे कोणी सांगितलं. शेवटचे दोन रकाने फॉर्ममध्ये नव्हते. पण एकाच माणसाबद्दल दोन घरांतून दोन गोष्टी ऐकू यायला लागल्या तेव्हा त्यांच्यावाचून निभलं नसतं.

नावांच्या जागी आकडे घातले. आजी-आजोबांची पिढी १, आईवडील, काका, आत्या, मामा, मावशी यांची २, आम्ही भावंडं आणि चुलत-आते-मामे-मावस भावंडं ३. ताईची पंधरा वर्षांची मुलगी खाली ४ मध्ये. म्हणजे २-१ थोरली आत्या, २-२ काका, २-३ बाबा, २-४ धाकटी आत्या. आकड्यांचा फायदा असा की कागद कोणाच्या हाती पडला तरी लगेच गावभर होत नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी यातलं काहीही टाकलं नाही. प्रत्येकाला स्वतंत्र फोन केला, कशासाठी विचारतेय ते आधी सांगितलं आणि लिहून घेऊ का असं विचारलं. एका मामेभावाने नको म्हटलं. त्याच्या ओळीत वय तेवढं आहे.

पहिली फुली पडली ती सगळ्यांच्या तोंडी असलेल्या काकूवर. काकूचा कॅन्सर घरात सगळ्यांनी पाहिला होता, तिचे केस गेलेले पाहिले होते, त्यामुळे ज्याला विचारावं तो तिचंच नाव घ्यायचा. पण काकू लग्न करून आमच्या घरात आलेली. तिचं आणि ताईचं रक्ताचं नातं नाही. तिचा आजार तिच्या मुलांच्या तक्त्यात मोजला जाईल, ताईच्या नाही. डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘फॅमिली हिस्ट्री: काकू’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते पुसलं की कागदावर आमचं घर कॅन्सरमुक्त होत होतं.

आईची बाजू पटकन झाली. आजोबा हार्ट अटॅकने ७० व्या वर्षी, आजी ८४ व्या वर्षी झोपेत, दोन मामांना डायबेटीस, मावशी ७१ वर्षांची आणि अजून डोंबिवलीहून लोकलने एकटी येणारी. आईच्या भावंडांचे जन्मदाखले, आधार, सगळं जागच्या जागी. एका संध्याकाळीत काम संपलं.

बाबांच्या बाजूला वेळ लागला. मूळ गाव पाटण तालुक्यात, आजोबा लालबागला गिरणीत, घर अर्धं गावाला आणि अर्धं चाळीत. “कोणाला कॅन्सर होता का?” या प्रश्नाला बाबांचं उत्तर एकच, “छे, आमच्यात कोणाला नाही.” ते खोटं बोलत नव्हते. त्या काळी त्या शब्दाने घरात काही बोललंच जात नसे. मॅडमनी सुचवल्याप्रमाणे मी प्रश्न बदलला: कोण कशाने गेलं? शेवटी कुठे ॲडमिट होतं? कोणाची गाठ काढली, कोणाची पिशवी काढली, कोणाला ‘शेक’ दिला होता? (रेडिएशनला आमच्याकडे ‘लाइट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात.) या प्रश्नांनी आठवणी बाहेर यायला लागल्या.

धाकटी आत्या कळव्याला राहते, ६८ वर्षांची. तिच्याकडे रविवारी दुपारी गेले, फोनवर तिची परवानगी घेऊन रेकॉर्डर लावला. तिने माझ्या आजीबद्दल जे सांगितलं ते बाबांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मुलग्यांना ठाऊकच नसावं बहुधा.

“आईच्या पोटात पाणी झालं होतं गं. आधी वाटलं वात आहे. मग पोट असं फुगलं की नऊवारीचा काष्टा बसेना. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बोलायच्या, या वयात दिवस गेले की काय म्हणून. दादांनी केईएमला नेलं. दोनदा पाणी काढलं, दोनदा परत भरलं. मग म्हणाले, घरी न्या.”

मी तक्त्यात लिहिलं, ‘पोटात पाणी’. मग मॅडमनी दिलेले जोडप्रश्न विचारले, कारण पोटात पाणी अनेक कारणांनी होतं. दारू होती का? “तुझी आजी? चहासुद्धा घ्यायची नाही.” डोळे पिवळे झाले होते का? नाही. आधी पायांना सूज? पोटाच्या आधी नाही. बरेच दिवस ताप, खोकला, घरात कोणाला टीबी? नाही. पाळी बंद झाली होती का? “कधीचीच.” प्रत्येक ‘नाही’ लिहून ठेवलं. लिव्हर, हृदय आणि पोटाचा टीबी ही नेहमीची कारणं यातून थोडी मागे पडतात आणि ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता पुढे येते, कारण तो बहुतेक वेळा पोटात पसरून पाणी झाल्यावरच लक्षात येतो. सिद्ध मात्र काही होत नाही. केसपेपर कधीच गेलेला.

आता वय. आजीचा जन्मदाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. ती गेली कधी? आत्या म्हणाली, “संपाच्या आधी.” गिरणी संप जानेवारी १९८२ चा. आई म्हणाली, “ताई पोटात होती, सातवा महिना.” ताईचा जन्म जानेवारी १९८१ चा, म्हणजे आजी १९८० च्या शेवटी गेली. जन्मसालासाठी उलटं गेले. थोरल्या आत्याचा शाळेचा दाखला सापडला: १ जून १९४४. काकांचा १ जून १९४७, बाबांचा १ जून १९५१. तिन्ही भावंडं एकाच तारखेची, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्या गावालाच १ जून दिला होता. त्यामुळे वर्षभर इकडेतिकडे धरायचं. आजीचं लग्न सोळाव्या वर्षाच्या आसपास, थोरल्या आत्याच्या आधी एक मूल होऊन गेलेलं (तेही तक्त्यात येतं, ‘बालमृत्यू’ म्हणून). हिशोब करून आजीचा जन्म १९२४ ते १९२६, मृत्यू ५४ ते ५६ व्या वर्षी. मी ‘५५’ असा नेमका आकडा लिहिला नाही, ‘५४–५६, अंदाजे’ असंच लिहिलं. मॅडमना तेच हवं होतं. तुमच्याकडे गावाकडची मंडळी असतील तर कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, पानशेत (जुलै १९६१), किल्लारी (सप्टेंबर १९९३) या खुणा हाताशी ठेवा. “किती साली?” विचारलं की माणसं गप्प होतात, “दुष्काळाच्या आधी की नंतर?” विचारलं की भांडून सांगतात.

थोरली आत्या १९९९ मध्ये गेली. तिच्याबद्दल खोदून विचारल्यावर घरात दोन शब्द निघाले, ‘पिशवीचा कॅन्सर’. या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार मावतात: गर्भाशयाच्या मुखाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि ओव्हरीचा. आनुवंशिकतेच्या दृष्टीने तिघांचे अर्थ वेगळे. मुखाचा कॅन्सर बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा ताईच्या आजाराशी संबंध लावत नाहीत. अस्तराचा असेल तर वेगळ्या जनुकांचा विचार होतो. ओव्हरीचा असेल तर ताईच्या तक्त्याचा रंगच बदलतो, कारण बीआरसीए जनुकातल्या दोषामुळे स्तनाचा आणि ओव्हरीचा असे दोन्ही कॅन्सर एकाच घरात दिसू शकतात. म्हणजे कागदाशिवाय ही ओळ निरुपयोगी होती.

कागद मिळाला कोपरखैरण्याला, आत्याच्या मोठ्या मुलीकडे. आम्ही तिला अक्का म्हणतो. फोनवर ती टाळत होती. घरी गेले तेव्हा चहा झाल्यावर म्हणाली, “फाइल आहे. पण तेव्हा धाकटीसाठी स्थळं बघत होतो, आईनेच सांगितलं होतं, कोणाला काही बोलायचं नाही. पाहुण्यांना अपेंडिक्स सांगायचो.” मग कपाटाच्या वरच्या खणातून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल काढली. फाइलवर आत्याचं सासरचं नाव. माहेरच्या नावाने शोधत बसले असते तर कुठल्याच रेकॉर्डमध्ये सापडली नसती. लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, म्हणून जुन्या बायकांची दोन्ही नावं तक्त्याच्या मागे लिहून ठेवा.

फाइलमध्ये पंचवीस-तीस कागद होते, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचे लिफाफे. त्यातून हवा होता एकच, हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून लिहिलेला. टाइप केलेला, पुसट, १९९६ चा. वय ५२. निदानाच्या ओळीत ‘पॅपिलरी सिरस सिस्टअडेनोकार्सिनोमा’ आणि पुढे ‘ओव्हरी’. मी तिथेच मोबाईलवर फोटो काढला. अक्काने विचारलं, “म्हणजे काय?” मी म्हटलं, “मला सांगता येणार नाही, पण तू चौदा तारखेला सोबत येशील का?” ती आली नाही, पण फोटो न्यायला हो म्हणाली.

काकांची ओळ मात्र अपुरीच राहिली. २००३ मध्ये ५६ व्या वर्षी ‘कावीळ होऊन’ गेले. दारूला शिवलेले नव्हते. चुलत भावाने सांगितलं, अंगाला प्रचंड खाज, वजन झरझर उतरलं, पोटात दुखत नव्हतं, दीड-दोन महिन्यांत संपलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही असं चित्र दिसतं, पित्तनलिकेच्या अडथळ्याच्या इतर कारणांतही दिसतं. ज्या हॉस्पिटलमध्ये होते ते बंद पडलं. मी महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढला, फॉर्म, थोडी फी, काही दिवसांची वाट. हातात आला तेव्हा त्यावर मृत्यूचं कारण नव्हतंच. खिडकीवरच्या बाईंनी समजावलं, कारण नोंदवहीत असतं, पण नातेवाइकाला मिळणाऱ्या उताऱ्यावर ते द्यायचं नाही असं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. म्हणून या कामासाठी मृत्यूच्या दाखल्यामागे धावू नका, त्यातून फार तर मृत्यूची तारीख पक्की होते. कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हॉस्पिटलने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती आता प्रत्येक घराने जपून ठेवावी.

आणखी दोन कागद किरकोळ वाटले तरी कामाला आले. बाबांचं २०१८ मध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. नुसतं ‘प्रोस्टेट’ लिहिलं असतं तर शंका राहिली असती, बायोप्सीच्या रिपोर्टवर साधी वाढ निघाली. आणि धाकट्या आत्याची ४१ व्या वर्षी फायब्रॉइडमुळे पिशवी काढलेली. डिस्चार्ज कार्डवर गर्भाशयासोबत दोन्ही ओव्हरी काढल्याचंही होतं, जे तिला स्वतःला माहीत नव्हतं. म्हणजे ती ६८ व्या वर्षी निरोगी आहे याला तक्त्यात पूर्ण वजन मिळत नाही, कारण ओव्हरीचा धोका तिचा जवळजवळ गेलेलाच होता आणि इतक्या लवकर ओव्हरी काढल्याने स्तनाच्या कॅन्सरचं गणितही बदलतं.

वडिलांच्या बाजूच्या चार ओळी शेवटी अशा झाल्या:

१-२, आजी: मृत्यू १९८०, वय ५४–५६ अंदाजे. ‘पोटात पाणी’, दोनदा काढलं, कावीळ नाही, दारू नाही. कागद नाही. सांगणारी धाकटी आत्या.

२-१, थोरली आत्या: निदान १९९६, वय ५२. घरात ‘पिशवीचा कॅन्सर’, रिपोर्टवर ओव्हरी. कागद आहे.

२-२, काका: मृत्यू २००३, वय ५६. ‘कावीळ’, खाज, वजन घटलं, दारू नाही. कारणाचा कागद नाही. सांगणारा मुलगा.

२-३, बाबा: हयात, ७३. कॅन्सर नाही. प्रोस्टेट साधी वाढ, कागद आहे.

१४ जूनला ताई, मी आणि बाबा गेलो. मॅडमनी तक्ता समोर ठेवून मोठ्या कागदावर पेन्सिलने आकृती काढली: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, मृत माणसावर तिरपी रेघ, ताईकडे बाण. आजी-आजोबा आते-मामे भावंडं होते का, हेही विचारलं, नात्यातल्या लग्नाला दोन रेघा काढतात. आमच्याकडे नव्हतं. ताईचं वर्तुळ भरलं, थोरल्या आत्याचं भरलं. आजीच्या वर्तुळाशेजारी प्रश्नचिन्ह काढून ‘पोटात पाणी’ लिहिलं, काकांच्या चौकोनाशेजारीही प्रश्नचिन्ह. “कागद नाही तोवर मी रंगवणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण पुसणारही नाही.”

बाबा बराच वेळ आकृतीकडे बघत होते. आत्याच्या आणि ताईच्या मधोमध त्यांचा रिकामा चौकोन. “मला तर काहीच झालं नाही,” ते म्हणाले. मॅडमनी शांतपणे सांगितलं की बीआरसीए जनुकातला दोष पुरुषाकडेही असू शकतो, त्याला स्वतःला आयुष्यभर काही न होता तो मुलीकडे जाऊ शकतो, आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. “स्तनाचा कॅन्सर म्हटलं की लोक आईकडचंच बघतात,” एवढं बोलून त्या पुढे गेल्या. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ताईनेच रात्री त्यांना दटावलं, “बाबा, तुम्ही मला डोळेही दिलेत, त्याचं काय?”

मी मॅडमना सरळ विचारलं, तपासणी अशीही होणारच होती, तर या महिनाभराच्या खटाटोपाचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, निकाल वाचायला. दोष सापडला तर कोणाकोणाला कळवायचं ते तक्ता सांगतो. ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल सापडला, जो बराच वेळा सापडतो, तर त्यावरून कोणी ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो, तेव्हा घराच्या इतिहासावर चालावं लागतं. आणि निकाल निगेटिव्ह आला तरी अशा घरातल्या बायकांना ‘तुम्ही सुटलात’ म्हणता येत नाही, आपल्याला न सापडलेलं काही असू शकतं.

आधी आजारी माणसाची तपासणी करायची, म्हणून ताईचंच रक्त घेतलं. अनेक जनुकांच्या पॅनेलचे २२ हजार लागले, विम्याने दिले नाहीत. निकाल जुलैच्या मध्यात आला: बीआरसीए-१ मध्ये रोगकारक बदल. मग बाबांची तपासणी केली, फक्त त्या एका बदलाची, त्यामुळे खर्च खूपच कमी. त्यांच्यातही तो निघाला आणि बाजू पक्की झाली.

त्यानंतर तक्त्याला नववा रकाना लागला: ‘कळवलं का’. मी आणि भाऊ, प्रत्येकी निम्मी शक्यता. धाकटी आत्या, निम्मी. अक्का आणि तिची भावंडं, आत्याच्या आजारामुळे तिच्याकडेही तो बदल होता असं धरून, निम्मी. काकांची दोन मुलं, पाव, कारण काकांचं स्वतःचंच माहीत नाही. ताईच्या मुलीची तपासणी आत्ता करायची नाही, अठरा पूर्ण झाल्यावर तिची ती ठरवेल. कळवण्यासाठी सेंटरने एक साधं पत्र दिलं, त्यात ताईचं नाव न घालता जनुक आणि नेमका बदल लिहिला होता. लॅबला तोच बदल शोधायचा असतो, म्हणून नातेवाइकांना तोंडी सांगण्यापेक्षा हे पत्र द्या.

माझा निकाल निगेटिव्ह आला, भावाचा यायचा आहे. काकांच्या थोरल्या मुलाने सध्या नको म्हटलंय, धाकट्याने तारीख घेतली. अक्काने ऑगस्टमध्ये फोन केला. तिला स्वतःच्या तपासणीसाठी आईचा तो १९९६ चा रिपोर्ट न्यायचा होता आणि मूळ कागद तिला सापडत नव्हता. मी तिला पीडीएफ पाठवली, सोबत तक्त्यातल्या तिच्या बाजूच्या ओळी, आणि सांगितलं की तिच्या वडिलांकडची माणसं तिलाच भरावी लागतील. तिच्या तक्त्यात तिची आई २-१ राहणार नाही, आकडे नव्याने घालावे लागतील.